गुलमोहराची फाईल

संस्थेच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, लिफ्टच्या करारांच्या मागे एक जाड फाईल आहे. वर कुणीतरी मार्करने ‘झाड’ एवढेच लिहिले आहे. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहा म्हणून संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा पाणी, लिफ्ट, कन्व्हेयन्स असे विषय इतर मंडळींनी आधीच वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला ही फाईल आली. तक्रार नाही. २०१९ ते २०२४ मी सचिव होतो आणि या फाईलमधली अर्धी पत्रे मीच टाईप केलेली आहेत. उरलेली अर्धी वाचून मलाही बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या.

बी विंगच्या मागचा गुलमोहर आता नाही, हे नव्याने राहायला आलेल्या सभासदांना माहीत नसेल. पंप रूम आणि मुलांची घसरगुंडी यांच्यामध्ये तो उभा होता. आपली संस्था १९९९ साली नोंदली गेली, पण झाड त्याच्या कितीतरी आधीचे. ही जमीन ज्यांची होती त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे ते १९७७ च्या पावसाळ्यात लावलेले होते. बिल्डरने प्लॉटवरची बरीच झाडे काढली, सात ठेवली, त्यातले हे एक. मे महिन्यात बी विंगच्या मागच्या बाल्कन्या लालेलाल होत आणि जूनमध्ये पंप रूमचे छप्पर पाकळ्यांनी भरून पाइप तुंबे. फुलांचे कौतुक आणि पाइपची तक्रार एकाच घरातून येत असे.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. भराभर वाढतो, छत्रीसारखा पसरतो, पण लाकूड ठिसूळ आणि मुळे बरीचशी वरच्यावर. साताऱ्यात १ मे हा गुलमोहर दिन म्हणून साजरा करतात, इतके ते आपल्याकडे घरचे झाड झाले आहे. तरी शहरातल्या पावसाळ्यात मोडणाऱ्या झाडांत ते नेहमी पुढे असते. त्यात आपल्या गुलमोहराचे बरेचसे दुखणे आपणच दिलेले होते. फाईल तेच सांगते.

फाईलमधला पहिला कागद २००५ चा आहे आणि तो अर्ज नाही, नोटीस आहे. २६ जुलैच्या पावसानंतर सगळीकडेच झाडांची धास्ती बसली होती. तेव्हाच्या कमिटीने एका कंत्राटदाराला बोलावून गुलमोहर ‘हलका’ करून घेतला. हलका म्हणजे काय, तर साधारण बारा फुटांवर चारही मुख्य फांद्या सरळ आडव्या कापून टाकल्या. झाडाचे मुंडणच केले. परवानगी घेतलेली नव्हती, कारण ‘तोडलेले नाही, नुसते छाटले आहे’ अशी समजूत. नोटिशीत महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांनी नेमके त्यावरच बोट ठेवले होते. आपल्याकडे १९७५ पासून जो कायदा आहे, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, त्यात झाड तोडणे या शब्दाच्या अर्थातच जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सगळे येते. झाड आपल्या कंपाउंडमध्ये आहे, आपल्या मालकीचे आहे, याने फरक पडत नाही. फरक एवढाच की रस्त्यावरच्या झाडाची निगा महापालिकेकडे असते आणि आवारातल्या झाडाची आपल्याकडे. म्हणजे काळजीही आपण घ्यायची, खर्चही आपला आणि कुऱ्हाड लावण्याआधी परवानगीही आपणच मागायची. अनेकांना हे अन्यायाचे वाटते. वाटो बापडे.

नोटिशीला कमिटीने दिलगिरीचे उत्तर दिले, त्याची स्थळप्रत फाईलमध्ये आहे. पुढचा कागद नाही. झाडाने मात्र उत्तर दिले. मुंडण केलेला गुलमोहर वर्षभरात पुन्हा हिरवागार झाला आणि सगळे म्हणाले, बघा, काही झाले नाही! खरे म्हणजे तेव्हाच व्हायला सुरुवात झाली होती. फांदी मधूनच आडवी कापली की त्या थोटकाच्या कडेने दहा-पंधरा कोंब एकदम फुटतात. मूळची फांदी खोडात आतपर्यंत गुंतलेली असते. हे कोंब सालीच्या लगेच खालून फुटतात आणि नुसते वरवर चिकटलेले असतात. ते उंच जातात, जाड होतात, पानांचे वजन घेतात. तोवर खाली उघड्या राहिलेल्या थोटकात पाणी मुरून लाकूड कुजत जाते. म्हणजे वर भार वाढतो आणि खाली बूड सडते. हे गणित पूर्ण व्हायला पंधरा-सोळा वर्षे लागली.

मध्ये आणखी दोन गोष्टी झाल्या. त्या झाडाच्या फाईलमध्ये नाहीत, त्या शोधायला मला बांधकाम-दुरुस्तीची फाईल काढावी लागली. मागचे अंगण चिखलाचे होते म्हणून पेव्हर ब्लॉक बसवले, ते थेट बुंध्याला भिडवून. आणि त्याच कामात पावसाच्या पाण्याची नवी गटारलाइन काढली, ती झाडाच्या पश्चिमेला बुंध्यापासून जेमतेम दोन फुटांवरून. बिलात ‘मुळे तोडून चर खणणे’ अशी वेगळी मजुरी लावलेली आहे! ही ओळ लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. दुपारी बी विंगच्या मागे मोठा आवाज झाला. पूर्वेकडची एक फांदी, माणसाच्या मांडीएवढी जाड, घसरगुंडीवर आडवी पडली होती. लॉकडाऊन असल्यामुळे मुले घरात होती. एरवी सुट्टीतल्या दुपारी तिथे किती मुले असतात हे मी सांगायला नको. फायर ब्रिगेडचे जवान आले, वाट मोकळी होईल इतके कापून गेले. बाकीचा पसारा उचलणे आपल्याकडे. मी तुटलेल्या टोकाचे फोटो काढले. फांदी मधून मोडली नव्हती, मुळापासून सोलून निघाली होती. जिथून सुटली तिथे २००५ चे थोटूक होते, आत काळपट, भुसभुशीत, बोटाने उकरता येईल असे.

त्या रात्री व्हॉट्सॲपवर जे युद्ध झाले ते इथे छापण्यासारखे नाही. थोडक्यात, निम्म्या सभासदांना झाड उद्याच्या उद्या हवे नव्हते आणि निम्म्यांना एकही फांदी कापू द्यायची नव्हती. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी उद्यान विभागाला एक अर्ज धाडला: ‘आमच्या आवारातील झाड धोकादायक झाले असून ते त्वरित तोडण्यास परवानगी मिळावी.’ आठवड्याने अर्ज त्रुटीचा शेरा मारून परत आला. कोणते झाड, कुठे आहे, धोका काय, जागा कोणाची, कमिटीचा ठराव कुठे? चिडचिड झाली, पण माझ्या मते शेरा बरोबर होता. ‘धोकादायक’ हा शब्द लिहून काहीच कळत नाही. तोडायचे आहे त्या प्रत्येक झाडाच्या अर्जात तो असतोच. पार्किंगला जागा हवी म्हणून झाड नको असलेले लोकही तोच शब्द लिहितात.

मग दुसरा अर्ज केला. त्यातला मुख्य मजकूर इथे देतो, कारण पुढच्या कमिट्यांना उपयोगी पडेल:

‘झाड: गुलमोहर, एक. बुंध्याचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर २१० सेंमी. स्थान: बी विंगच्या मागे, सोबतच्या नकाशात लाल खुणेने दाखवले आहे. झाडाखाली पूर्वेस मुलांची खेळण्याची जागा, दक्षिणेस पंप रूम. दि. १७ मे २०२१ रोजी पूर्वेकडील फांदी जुन्या छाटणीच्या ठिकाणी कुजून पडली (फोटो १ ते ४). त्याच बाजूस तशीच आणखी एक फांदी असून तिच्या बुडाशी पोकळी दिसते (फोटो ५). तिसऱ्या फांदीचा शेंडा वाळलेला आहे. झाडाची पाहणी करून आवश्यक तेवढी छाटणी अथवा तोड, जे योग्य असेल त्यास परवानगी द्यावी.’

सोबत कमिटीचा ठराव, मालमत्ता कराची पावती, प्लॉटचा नकाशा आणि चारही बाजूंनी काढलेले फोटो. शेवटच्या वाक्यावर कमिटीत बराच वाद झाला. ‘तोडा’ असे स्पष्ट का लिहीत नाही, असा काहींचा सवाल होता. माझे म्हणणे असे की धोका सांगणे हे आपले काम, कारण तो रोज आपण बघतो. त्यावर उपाय काय हे झाड ओळखणाऱ्याने ठरवावे. आणि दुसरे म्हणजे धोका नुसता झाडात नसतो, झाडाखाली कोण आहे यातही असतो. मोकळ्या माळावरची कुजकी फांदी आणि घसरगुंडीवरची कुजकी फांदी यांत लाकडाचा काही फरक नसतो.

पाहणीला उद्यान विभागातून एक तरुण निरीक्षक आले. बरोबर लाकडी हातोडा आणि एक बारीक लोखंडी सळई. मला वाटले होते, वर पाहून सही करून जातील. त्यांनी अर्धा तास फक्त खाली पाहिले. बुंध्याभोवती फिरून हातोड्याने ठोकत गेले. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोकळीवर ढोलासारखा येतो. खोड सगळीकडे टणक वाजले. मग शिडी लावून फांद्यांच्या बेचक्या पाहिल्या, पोकळीत सळई घातली, ती वीतभर आत गेली. वाळलेल्या शेंड्यात एक गोल, सुबक भोक होते. ते म्हणाले, ‘काका, हे तांबटाचं घर आहे. तांबट पक्षी कोवळ्या लाकडात भोक पाडत नाही, मेलेल्या, मऊ झालेल्या लाकडातच पाडतो. म्हणजे ही फांदी मेलीय हे त्यानं तुमच्या आधी ओळखलंय.’ घरट्यात पिल्ले नाहीत याची खात्री होईपर्यंत ती फांदी कापायची नाही, अशी अट परवानगीपत्रात पुढे आलीच.

परवानगी आली ती तोडायची नाही, छाटायची. पूर्वेकडची पोकळ फांदी पूर्ण काढायची, वाळलेली काढायची, उरलेल्या दोघींचा टोकाकडचा भार कमी करायचा. मुंडण नाही. आणि बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक चारही बाजूंनी एक मीटरपर्यंत उखडायचे. त्यांच्याच माणसांच्या देखरेखीखाली काम झाले आणि जड फांदी कशी कापतात ते आम्ही पहिल्यांदा नीट पाहिले. आधी खोडापासून हातभर लांब, खालच्या बाजूने अर्धवट काप. मग त्याच्या थोडे पुढे वरून काप, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नेत नाही. उरलेले थोटूक शेवटी. खोडातून फांदी फुटते तिथे एक फुगीर कडे असते, त्याच्या अगदी बाहेरून ते कापायचे, कडे शाबूत ठेवून. त्या कड्यातूनच साल वळून जखम बुजते. खोडाला घासून कापले तर कडे जाते, आणि थोटूक लांब ठेवले तर ते कुजते, २००५ सारखे. आपले माळीबुवा गेरू-चुना घेऊन तयार होते. निरीक्षक हसून म्हणाले, ‘राहू द्या मामा, काप नीट असला की झाडाला रंग लागत नाही.’

दोन पावसाळे बरे गेले. घसरगुंडी पुन्हा सुरू झाली. तोडा म्हणणारे गप्प बसले, तोडू नका म्हणणारे जरा जास्तच बोलू लागले.

जुलै २०२३ मध्ये सफाईवाल्या मावशींनी मला बोलावून दाखवले, ‘साहेब, झाडाला कान फुटलेत.’ बुंध्याशी, पश्चिमेच्या बाजूला, जमिनीलगत दोन भूछत्रे आली होती. पावसाळ्यात उगवतात तसली मऊ नव्हेत. लाकडासारखी कडक, वरून तपकिरी चकचकीत, कडेला पांढरी. गॅनोडर्मा नावाची ही बुरशी मुळांचे आणि बुडाचे लाकूड खाते. भूछत्र बाहेर दिसते तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते. त्याला खुडून काही होत नाही, ते नुसते फळ असते. आणि वर पाने मात्र हिरवीगार! साल आणि तिच्या लगतचे लाकूड जिवंत असले की पाणी वर जात राहते. म्हणून पानांकडे बघून ‘झाड चांगलं आहे की’ म्हणणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

त्याच बाजूला जमिनीत एक भेग होती. पेव्हर काढलेल्या मातीत बुंध्यापासून तीनेक फुटांवर, कमानीसारखी. पहिल्या दिवशी रुपयाच्या नाण्याची कड जेमतेम जाईल एवढी. मी दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून अंतर लिहून ठेवायला सुरुवात केली, दर रविवारी. शिवाय खोडावर रंगाची खूण करून तिच्यातून ओळंबा सोडला, गवंडी सोडतात तसा, आणि खाली फरशीवर टोक जिथे येई तिथे खडूने तारीख. सहा आठवड्यांत भेगेत करंगळी जाऊ लागली आणि ओळंब्याचे टोक चार बोटे पूर्वेला सरकले.

इथे गटारलाइनच्या बिलातली ती ओळ आठवा. झाड पूर्वेला, घसरगुंडीकडे कललेले होते. पूर्वेला कललेल्या झाडाला पश्चिमेची मुळे मागे ओढून धरतात, तंबूच्या दोऱ्यांसारखी. तीच मुळे चर खणताना तुटली होती. तुटलेल्या टोकांतून बुरशी शिरली असणार, आणि उरलेल्या दोऱ्या ती खात होती. २०२१ च्या पाहणीत हातोड्याला हे कळले नाही, कारण हातोडा जमिनीखालचे ऐकत नाही. यात निरीक्षकांचा दोष मी मानत नाही. बाहेरून पाहून झाड ओळखण्याला मर्यादा आहेत. मुंबईत जुलै २०१७ मध्ये चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळून त्यांचा मृत्यू झाला. ते झाड तोडण्यासाठी आधी अर्ज झालेला होता आणि पाहणीत ते ठीक ठरले होते, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. म्हणून एकदा पाहणी झाली की निश्चिंत होऊ नये. नवी खूण दिसली की नवा अर्ज करावा.

आम्ही तसाच केला. आठ रविवारच्या नोंदींचा तक्ता, भूछत्रांचे फोटो, गटारलाइनच्या बिलाची प्रत. या वेळी स्पष्ट लिहिले: मुळांची पकड सुटत आहे, तोडण्यास परवानगी द्यावी. अर्ज गेला त्याच दिवशी घसरगुंडी बंद केली, झाडाच्या उंचीएवढ्या अंतरापर्यंत दोरी बांधली, पूर्वेकडच्या सोळा स्कूटर हलवल्या. सोळा स्कूटरवाल्यांची नाराजी मी सहा महिने जिन्यात ऐकली. पण परवानगी येईपर्यंत झाडाला थांब म्हणता येत नाही, माणसांना लांब ठेवता येते.

तोडीचा अर्ज छाटणीपेक्षा लांबचा रस्ता घेतो. कायद्याप्रमाणे वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि झाडावरही नोटीस लावावी लागते, म्हणजे कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेता यावी. नोटीस लागली आणि हरकत आली, बाहेरून कुणाची नाही, बी विंगच्या तळमजल्यावरच्या आजींची. त्यांनी स्वतःच्या हाताने दोन पानी अर्ज लिहून नेऊन दिला. मुद्दा एकच: पाने हिरवी आहेत, मग झाड मेलेले कसे? काही सभासदांना याचा राग आला. मला वाटते त्यांनी हरकत घेतली हे चांगले झाले, कारण त्यामुळे निरीक्षकांना पुन्हा यावे लागले आणि सगळ्यांसमोर बुंध्याची माती उकरली गेली. पश्चिमेची मनगटाएवढी तीन मुळे हाताने मोडली. आत ओल्या पावासारखा पांढरट भुगा होता. आजींनी तो चिमटीत घेऊन पाहिला. म्हणाल्या, ‘बरं. मग त्याच जागी दुसरं लावणार का, तेवढं लिहून द्या.’ तसे लिहून दिले, तेव्हा त्यांनी हरकत मागे घेतली.

आता वयाचा प्रश्न. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दोन गोष्टी आल्या. पन्नास वर्षे वा त्याहून जुने झाड हेरिटेज धरले जाते. आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावावी लागतात. म्हणजे वय हा नुसता कौतुकाचा विषय राहिलेला नाही. नुसत्या घेरावरून वय काढले तर दहा वर्षांचा फरक सहज पडतो, कारण पाणी मिळालेला गुलमोहर लवकर जाडावतो. आम्ही जुन्या जमीनमालकांच्या घरी गेलो. त्यांच्याकडे १९७९ चा एक कौटुंबिक फोटो निघाला, मागे काठीला बांधलेले पुरुषभर उंचीचे रोप. त्याची प्रत जोडली. वय ४६ ठरले, आणि ४६ झाडे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये परवानगी आली. वीज कंपनीला पत्र देऊन मागच्या गल्लीतला पुरवठा चार तास बंद ठेवला आणि झाड शेंड्याकडून खाली, तुकड्या-तुकड्याने, प्रत्येक तुकडा दोराने बांधून उतरवले. एकूण खर्च अडतीस हजार, तो दुरुस्ती निधीतून केला आणि पुढच्या वार्षिक सभेत मंजूर करून घेतला. बुडाचा काप आम्ही मोजला. घेरावरून खोडाचा व्यास सुमारे ६७ सेंमी, म्हणजे मध्यापासून सालीपर्यंत ३३. पोकळ खोडाची भिंत या अंतराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी जाड असेल तर ते तग धरते, असा एक ढोबळ अंदाज झाडांचे जाणकार वापरतात. म्हणजे आपल्याला अकराएक सेंमी हवे होते. पूर्वेला चौदा भरले. पश्चिमेला पाच.

४६ पैकी आपल्या आवारात पाचच बसली. उगाच दाटीवाटीने लावून दहा वर्षांनी पुन्हा हीच फाईल उघडण्यात अर्थ नव्हता. ४१ झाडे उद्यान विभागाने दाखवलेल्या मैदानाच्या कडेने लावली: करंज, बकुळ, कडुनिंब, बहावा. सात वर्षे जगवायची ही अट आहे आणि पाण्याची पाळी दर महिन्याला एका विंगकडे आहे. मेपर्यंत सहा गेली होती, ती जूनमध्ये बदलली. या महिन्याची पाळी सी विंगची आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

गुलमोहराच्या जागी ताम्हण आहे, गटारलाइनपासून आठ फूट दूर सरकवून. सभोवती एक मीटर माती उघडी आहे आणि तिथे कुणी पेव्हर बसवू नये म्हणून आजींनी स्वतः कुंड्यांची रांग लावली आहे. उरलेल्या सहा जुन्या झाडांचा घेर, फोटो आणि दर मे महिन्याची पाहणी यांची वही त्याच कपाटात, ‘झाड’ फाईलच्या शेजारी ठेवली आहे. ए विंगच्या गेटजवळच्या पर्जन्यवृक्षाच्या पानावर नवीन कमिटीने एक नोंद करावी: दुसऱ्या मजल्याच्या उंचीला, रस्त्याच्या बाजूची बेचकी गेल्या महिन्यापासून पाणी गाळते आहे.